सकाळचे फूल, इफ्तारची भजी

2011 साली रमजान ऑगस्ट महिन्यात आला होता. कोकणात भर पावसाचे दिवस. परसातल्या मांडवावर तांबड्या भोपळ्याचा वेल चांगला पसरला होता आणि रोज सकाळी वीस-पंचवीस फुले उघडत होती. माझे लग्न होऊन फार वर्षे झाली नव्हती. एका रविवारी नणंद आणि तिच्या सासरची माणसे इफ्तारला येणार होती. अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "फुलांची भजी कर. शहरातल्या माणसांना ती मिळत नाहीत."

मी उत्साहाने सकाळी नऊ वाजता चोवीस फुले तोडली. आत मुंग्या दिसल्या, म्हणून फुलकोबीला करतो तेच केले. मोठ्या पातेल्यात मिठाचे पाणी घेतले, फुले त्यात बुडवली आणि वर झाकण ठेवले. असरची नमाज पढून स्वयंपाकघरात आले तेव्हा पातेल्यात फुले नव्हतीच म्हणा. पिवळट, बुळबुळीत असा एक गोळा होता. एक पाकळी धरून उचलली तर चार फुले एकत्र वर आली. त्या दिवशी दस्तरखानवर कांद्याची भजी गेली. अम्मी पाहुण्यांसमोर काही बोलल्या नाहीत. तरावीह झाल्यावर मात्र मला जवळ बसवून म्हणाल्या, "बेटा, हे फूल दुपार बघत नाही. त्याचे काम सकाळीच करायचे असते."

त्या वाक्याचा अर्थ मला पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत हळूहळू कळत गेला. शाळेत मुलांना फुलाचे भाग शिकवायचे आणि घरी तेच फूल हातात कुजवायचे, ही गोष्ट मला लागली होती. त्यामुळे जे शिकले ते इथे सविस्तर लिहिते आहे. इफ्तारसाठी करा किंवा माझ्यासारखे शाळेतून, कामावरून येऊन संध्याकाळी करा, अडचण एकच आहे. फूल पहाटे उघडते आणि आपण ते तळतो संध्याकाळी. मधले बारा तास काढायचे कसे?

आधी फुलाचा दिवस समजून घेऊ. भोपळ्याचे फूल एकदाच उघडते. पहाटे, उजाडायच्या आसपास ते फुलते. ऊन चढले की मिटू लागते आणि साधारण दहा-अकरापर्यंत पाकळ्या पीळ घालून बंद होतात. ढगाळ दिवस असेल तर दुपारपर्यंत तग धरते, एवढाच फरक. मिटलेले फूल पुन्हा उघडत नाही. म्हणजे फूल मिटणे आणि फूल कोमेजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मिटणे हे त्याच्या स्वतःच्या घड्याळाने होते, वेलीवर असले तरी होते. कोमेजणे होते ते पाणी गेल्यामुळे. पाकळी अतिशय पातळ असते, पसरट असते. देठ तुटला की वरून पाणी उडत राहते आणि खालून येत नाही. आपल्याला या दोन्ही गोष्टींशी झगडायचे आहे. कोमेजणे आपण ओलाव्याने आणि थंडाव्याने लांबवू शकतो. मिटणे थंडाव्याने थोडे रेंगाळते, पण थांबत नाही. म्हणून ज्या कामासाठी फूल उघडे लागते ते काम ते उघडे असतानाच उरकायचे. ते काम म्हणजे आतले पुंकेसर काढणे.

मिठाच्या पाण्याने काय झाले तेही इथेच सांगते. काकडीच्या कोशिंबिरीत मीठ घातले की थोड्या वेळाने भांड्याच्या तळाशी पाणी जमते, ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. मीठ काकडीतले पाणी बाहेर ओढते. फुलकोबीचा गड्डा जाड असतो, त्याचे अर्ध्या तासात काही बिघडत नाही. या फुलाच्या पाकळीत मुळात पाणी साठवायला जागाच किती! मी तिला सात-आठ तास मिठात ठेवले होते. तेव्हा या फुलांना मिठाचे पाणी नको, दहा मिनिटेसुद्धा नको. मुंग्या घालवायची दुसरी रीत आहे, ती पुढे येईलच.

आता तोडणी. फजरनंतर अंथरुणात परत शिरण्याचा मोह टाळून टोपली घेऊन वेलीकडे जावे. रमजानात तर सेहरीमुळे आपण जागेच असतो. साडेसहा-सातपर्यंत फुले पूर्ण उघडलेली, थंड आणि ताठ असतात. वेलीवर फुले दोन प्रकारची असतात. लांब, सडपातळ देठावर सरळ उभे असते ते नर फूल. ज्याच्या पाकळ्यांखाली सुपारीएवढा किंवा लिंबाएवढा गोल भोपळा आधीच दिसतो ते मादी फूल. भजीला नर फुले घ्यायची. ती संख्येने कितीतरी जास्त असतात, आणि वेल फुलायला लागला की पहिले काही दिवस बहुतेक तीच येतात. मादी फूल तोडले तर एक भोपळा गेला. पण म्हणून सगळी नर फुलेही तोडून चालत नाही. त्यातले पराग मधमाशीने मादी फुलापर्यंत नेले नाहीत तर तो छोटा भोपळा पिवळा पडून गळतो. "यंदा वेल नुसता माजला, भोपळा धरलाच नाही," अशी तक्रार करणाऱ्या आमच्या शेजारच्या खाला रोज सकाळी एकूण एक फूल खुडून नेत असत!

यावर माझा तोडगा असा. दर वेलीवर चार-पाच नर फुले ठेवून बाकीची तोडते. शिवाय काढलेले पुंकेसर लगेच टाकून देत नाही. त्या सकाळी जितकी मादी फुले उघडी असतील त्यांच्या मधल्या मखमली भागावर तो पुंकेसर हलक्या हाताने फिरवते. पिवळी भुकटी तिथे चिकटलेली दिसते. एका नर फुलाचे पराग दोन-तीन मादी फुलांना पुरतात. पावसाची झड लागली की मधमाश्या बाहेर पडत नाहीत, तेव्हा याचा फार उपयोग होतो. म्हणजे भजीही होते आणि भोपळाही धरतो. यासाठी पुंकेसर काढायचे काम स्वयंपाकघरात न नेता वेलीजवळच, पायरीवर बसून केलेले बरे.

एक सावधगिरी. वेलीवर लाल भुंगेरे पडतात आणि त्यांच्यासाठी कुणी औषध मारले असेल तर ती फुले खायची नाहीत. दुसऱ्याच्या वेलीची फुले आणताना एवढे विचारून घ्यावे.

नर फुलाच्या आत डोकावले तर मध्यभागी करंगळीच्या पेराएवढी एक पिवळी दांडी दिसते. पुस्तकात पुंकेसर अनेक असतात असे शिकवतो, पण इथे ते एकमेकांना चिकटून एकच खांब झालेला असतो. वरच्या भागावर चिकट, पिठूळ पराग असतात. हा खांब काढायचा का? कारणे दोन. परागामुळे भजी थोडी कडवट आणि पिठूळ लागते. आणि खांब जाड, ओलसर असल्यामुळे पाकळी कुरकुरीत होऊन जळायला आली तरी तो आतून कच्चट राहतो. पण मला त्याहून मोठे कारण वाटते ते तिसरे. त्या खांबाच्या बुडाशी छोटी वाटीसारखी पोकळी असते आणि तिथे मध असतो. मुंग्या त्या पोकळीत शिरून बसतात. वरून कितीही पाणी ओता, त्या निघत नाहीत. खांब मोडला की त्यांचे घर उघडे पडते.

काढण्याची रीत अशी. फूल डाव्या हातात उभे धरा. अंगठा आणि तर्जनी यांनी पाकळ्यांच्या खालचा हिरवा भाग, म्हणजे बूड, बाहेरून पकडा. उजव्या हाताची दोन बोटे आत सोडून खांब अगदी तळाशी धरा आणि एका बाजूला वाकवा. बारीक 'टक' असे जाणवते आणि तो मोडतो. मग वर काढा. सरळ वर ओढू नका. मी पहिल्यांदा तसेच करायची. मग खांबाबरोबर बूडही निघते, फुलाच्या तळाला भोक पडते आणि पाकळ्या सुट्या होतात. बोटे जाड असतील आणि आत जात नसतील तर पाकळीला एका बाजूने वरपासून बुडापर्यंत उभी चीर द्या, फूल पंख्यासारखे उघडा आणि खांब खुडा. भजीसाठी मी आता नेहमी हीच रीत वापरते. कारण चिरलेले फूल मिटले तरी त्याचा पीळ पडत नाही, आणि तळताना आत पाणी साचायला नळीच उरत नाही. सारण भरायचे असेल तरच फूल अखंड ठेवावे.

खांब निघाला की फूल उलटे धरून टिचकी मारा, पराग आणि मुंग्या खाली पडतात. एखादी राहिली तर फुंकर मारा. मग बुडाशी असलेली पाच हिरवी, टोकदार, केसाळ पाने खालच्या दिशेने ओढून काढा. ती तळल्यावरही घशाला टोचतात. देठ अर्धा इंच ठेवून वरची केसाळ साल सोलून काढा. पिठात बुडवताना धरायला तेवढा देठ उपयोगी पडतो. चोवीस फुलांना वीस मिनिटे पुरतात. मुलींची बोटे बारीक असतात, माझी धाकटी हे काम माझ्यापेक्षा लवकर करते. फक्त कपडे जपा. पराग ओढणीवर पडले तर ओल्या हाताने पुसू नका, पिवळा डाग बसतो. कोरडेच झटकून टाका.

आता प्रश्न ठेवण्याचा. एकदा रविवारी मुलीला सोबत घेऊन मी प्रयोगच केला. सकाळी सात वाजता तोडलेली चोवीस फुले, सहा-सहाचे चार भाग. पहिली सहा, खांब न काढता, देठ पाण्यात राहतील अशी पेल्यात उभी ठेवली. दुसरी सहा खांब काढून, धुऊन, झाकण असलेल्या भांड्यात घालून फ्रिजमध्ये ठेवली. तिसरी सहा खांब काढून, न धुता, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून ओट्यावरच ठेवली. चौथी सहा चिरून, खांब काढून, न धुता, ओल्या कापडात गुंडाळून स्टीलच्या पसरट डब्यात घातली आणि डबा फ्रिजमध्ये खाली, भाजीच्या कप्प्यात ठेवला.

संध्याकाळी सहा वाजता सगळे समोर मांडले. पेल्यातली फुले रंगाने छान होती, पण घट्ट मिटलेली. उघडायला गेले तर पाकळी फाटे, आणि खांब आतच. धुतलेली फुले एकमेकांना चिकटली होती. जिथे पाण्याचा थेंब राहिला होता तिथे पाकळीवर काचेसारखे पारदर्शक डाग पडले होते. पिशवीतली फुले घामेजून लिबलिबीत झाली होती, त्यांना वासही येऊ लागला होता. चौथ्या डब्यातली फुले सकाळसारखी ताठ नव्हती, थोडी सैल होती. पण पाकळी कोरडी, अखंड, पिवळीधमक होती आणि अलगद पसरता येत होती. मुलीने वहीत लिहिले, "चौथा भाग पास." तेव्हापासून आमच्या घरी तीच रीत चालते.

त्यात महत्त्वाचे काय ते सांगते. कापड सुती आणि मऊ हवे. मी जुन्या मलमलच्या ओढणीचे तुकडे वापरते. ते भिजवून इतके पिळायचे की पुन्हा पिळल्यावर थेंब पडू नये. डब्यात खाली एक तुकडा, त्यावर फुलांचा थर, वर दुसरा तुकडा. फार तर दोन थर करावेत. तिसरा केला की खालची फुले दबतात. झाकण लावायचे, नाहीतर फ्रिजची कोरडी हवा पाकळ्या सुकवते. आणि डबा वर, बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवायचा नाही. तिथे फूल गोठले तर बाहेर काढताच पाणी सोडते आणि काही उरत नाही. असे ठेवलेले फूल दहा-बारा तास टिकते. दुसऱ्या दिवसासाठी मात्र ठेवू नये, ठेवलेच तर डाळीत किंवा अंड्याच्या पोळ्यात चिरून घालावे.

गावी पावसात वीज जाते, फ्रिज असून नसल्यासारखा होतो. अम्मींच्या काळी तर तो नव्हताच. त्या फुले केळीच्या पानात गुंडाळून पडवीत, पाण्याच्या माठाला टेकवून ठेवत. माठाभोवतीचा गारवा मिळे. पण त्या फुले जोहरच्या आधी तळून दुपारच्या जेवणाला वाढत. रमजानात त्या भजीऐवजी फुलांची भाजी करत, कारण भाजीला थोडे कोमेजलेले फूल चालते. फ्रिज नसेल तर त्यांचेच ऐकावे. संध्याकाळपर्यंत ताठ फूल मिळेल असे सांगणे खरे होणार नाही.

संध्याकाळी डबा उघडल्यावर एखादे फूल फारच मलूल दिसले तर लगेच टाकू नका. उजेडाकडे धरून बघा. पाकळी सारख्या रंगाची असेल तर नुसते पाणी कमी झाले आहे. साध्या गार पाण्यात पाच मिनिटे बुडवा, बरेचसे सावरते. पण काचेसारखे पारदर्शक ठिपके, तपकिरी कडा किंवा बुळबुळीतपणा असेल तर ते फूल गेले. ते कोणत्याही पाण्याने परत येत नाही.

धुणे तळण्याच्या अर्धा तास आधी. मोठ्या परातीत साधे गार पाणी घेऊन एकेक फूल देठाने धरून दोनदा हलवायचे. नळाच्या धारेखाली धरू नका, पाकळी फाटते. मग कोरड्या कापडावर, उघडी बाजू खाली करून, पंधरा-वीस मिनिटे ठेवायचे. हा कोरडा होण्याचा वेळ कापू नका. फुलात पाणी राहिले तर पीठ धरत नाही, आणि अखंड फुलाच्या नळीत थेंब राहिला तर कढईत तेल उडते. माझ्या मनगटावर त्याची खूण आहे.

रोज्यात पिठाची चव बघणे मला जमत नाही, म्हणून माप ठरवून ठेवले आहे. चोवीस फुलांना दीड वाटी बेसन, अर्धी वाटी तांदळाचे पीठ, चहाचा सपाट पाऊण चमचा मीठ, तेवढेच लाल तिखट, पाव चमचा हळद, अर्धा चमचा आले-लसणाचे वाटण आणि चिमूटभर ओवा. बंगालमध्येही ही फुले आवडीने तळतात, तिथे पुष्कळ घरी पिठात कलौंजी घालतात. मीही घालून पाहिली आहे, छान लागते. पाणी गार घ्यायचे, सव्वा ते दीड वाटी, थोडे थोडे करून. पीठ बटाटवड्याच्या पिठाहून पातळ हवे. फूल बुडवून उचलल्यावर पिठातून पाकळीचा पिवळा रंग आणि शिरा दिसल्या पाहिजेत. दिसल्या नाहीत तर आपण बेसन खातो आहोत, फूल नाही. सोडा घालू नका, भजी तेल पिते. तांदळाच्या पिठानेच कुरकुरीतपणा येतो.

इथेही मिठाचा धडा विसरायचा नाही. पिठात मीठ असते, म्हणून सगळी फुले एकदम पिठात टाकून ठेवायची नाहीत. एक बुडवायचे, कडेला निथळायचे, तेलात सोडायचे. तेल मध्यम आचेवर तापवा आणि पिठाचा थेंब टाकून बघा. तो खाली जाऊन लगेच वर यावा. खालीच बसला तर तेल थंड आहे, फूल तेलात शिजून मऊ पडेल. टाकताक्षणी काळपटला तर जास्त तापले. कढईत एका वेळी चार-पाचच फुले, पसरून सोडावीत. प्रत्येक बाजूला मिनिट-सव्वा मिनिट. बुडबुडे कमी झाले आणि कडा खडखडीत वाटल्या की काढा, आणि ताटात एकावर एक न रचता चाळणीवर उभी ठेवा.

मगरिबच्या पंधरा मिनिटे आधी तेल चढवले तर चोवीस फुले वेळेत होतात. माझी कढई लहान आहे, म्हणून शेवटची चार-पाच अजूनही अजानच्या वेळी तेलातच असतात. ती मग अम्मींना खजूर खाऊन झाल्यावर गरम मिळतात, आणि त्यांचे म्हणणे आहे की मी हे मुद्दाम करते.